दुकानाच्या काचेत दुकान दिसू द्या, तुम्ही नको!



तुम्ही दुकान थाटलं, रंग दिला, दर्शनी भागाला छान मोठी काच बसवली, आत काजूची पाकिटं, कोकम, आगळ, फणसपोळी नीट मांडली. गुगलवर टाकायला फोटो काढला. फोटो उघडून बघता तर काचेत काय? हात वर करून मोबाईल धरलेले तुम्ही, मागून जाणारी एसटी, समोरच्या दुकानाचा बोर्ड आणि छतावरच्या ट्यूबची पांढरी रेघ. शेजारचा दुकानदार बघून म्हणणारच, "ह्या फोटोत दुकान खंय आसा? तुमीच दिसतास!"

मग आपण मोबाईलमधलं पुसायचं साधन घेऊन बोटाने घासत बसतो. माणूस जातो, पण पाकिटावरची अक्षरंही जातात आणि तिथे एक चिकट डाग उरतो. व्हिडिओत मी हात दाखवून जे सांगितलं, ते इथे मोजमापांसह सविस्तर लिहितोय. उदाहरण म्हणून फोंडाघाटच्या बाजारपेठेतलं एक दुकान धरूया. देवगड-निपाणी रस्ता इथून जातो. दाजीपूर-राधानगरीकडून घाट उतरून येणारा कोल्हापूरचा माणूस इथे चहाला थांबतो आणि काजू-कोकम घेऊन पुढे जातो. थांबायचं कुठे हे तो बऱ्याचदा गाडीत बसूनच मोबाईलवर ठरवतो. त्याला फोटोत माल दिसला तर तो थांबेल, ट्यूबलाईट दिसली तर कशाला थांबेल?

प्रतिबिंब म्हणजे डाग नाही, मिसळलेला उजेड आहे

ही एक गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं होतं.

साधी स्वच्छ काच तिच्यावर समोरून पडलेल्या उजेडातला साधारण 8 टक्के उजेड परत फेकते. 4 टक्के पुढच्या पृष्ठभागावरून आणि 4 टक्के मागच्या. बाकीचा बहुतेक उजेड आरपार जातो. म्हणजे कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन उजेड शिरतात. एक आतल्या मालाचा, काचेतून बाहेर आलेला. दुसरा रस्त्याचा, काचेवरून परत आलेला. दोघांची बेरीज म्हणजे तुमचा फोटो.

आता हिशेब करू. उजेड 'लक्स'मध्ये मोजतात. मोबाईलवर त्याची फुकट अ‍ॅप मिळतात, अंदाजासाठी ती पुरतात. आत ट्यूब लावलेल्या दुकानात मालावर साधारण 300 लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ दुपारी 10,000 लक्स सहज असतो. त्याचे 8 टक्के म्हणजे 800. आतून काचेपार येणारा उजेड 300 पेक्षा थोडा कमी, 270 धरा. म्हणजे तुमचा पांढरा शर्ट काचेत आतल्या पांढऱ्या पाकिटापेक्षा तिप्पट उजळ दिसणार! कॅमेरा कितीही महागडा घ्या, हे गणित बदलत नाही.

सूर्य मावळताना बाहेरचा उजेड साधारण 400 लक्सवर आलेला असतो. त्याचे 8 टक्के म्हणजे 32. आतला मात्र तोच, 270. आता माल प्रतिबिंबापेक्षा आठपट उजळ आहे. आणखी पंधरा मिनिटं थांबलात तर बाहेरचा उजेड काही दहा लक्सवर येतो आणि प्रतिबिंब जवळजवळ उरतच नाही.

म्हणजे प्रतिबिंब काढण्याचं पहिलं साधन सॉफ्टवेअर नाही, घड्याळ आहे.

पहिलं काम: वेळ गाठा

फोंडाघाटला डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे अखेरीस सातच्या सुमारास. आपल्या भागात संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य मावळल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख पडतो. आपल्या कामाची वेळ हीच वीस मिनिटं. आकाशात अजून निळसर उजेड असतो, त्यामुळे दुकानाची भिंत, पायरी आणि पाटी दिसते. आतले दिवे लावलेले असतात, त्यामुळे माल झळकतो.

मग पूर्ण रात्री का नको? कारण रात्री काचेचा प्रश्न सुटतो, पण दुकान काळ्या पडद्यात लटकणाऱ्या उजळ खोक्यासारखं दिसतं. शिवाय रस्त्यावरचे दिवे आणि गाड्यांचे हेडलाईट हे स्वतः उजेडाचे उगम आहेत. हेडलाईटचा 8 टक्के उजेडसुद्धा मालापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यावरचा उपाय पुढे येतोच.

या वीस मिनिटांसाठी तयारी आधी करून ठेवा. काच दोन्ही बाजूंनी पुसा, कारण बोटांचे ठसे नंतर पुसत बसणं हे वेगळंच दुखणं आहे. आतले सगळे दिवे लावा. शोकेसमध्ये वेगळी एलईडी पट्टी असेल तर तीही लावा. आतला उजेड दुप्पट झाला म्हणजे प्रतिबिंब तेवढंच निम्मं झालं. मोबाईलचा फ्लॅश मात्र बंद. फ्लॅश काचेवर आपटून सरळ लेन्समध्ये परत येतो आणि मधोमध पांढरा गोळा पडतो.

दुसरं काम: उभं राहायची जागा

बरेच जण फोटोत स्वतः दिसायला नको म्हणून मागे मागे सरकतात, अगदी रस्त्यापलीकडे जातात. त्याचा उपयोग होत नाही. सपाट काच म्हणजे आरसाच. आरशासमोर कितीही मागे जा, तुमचं प्रतिबिंब काचेचा तेवढाच भाग व्यापतं, तुमच्या रुंदीच्या निम्मा. दीड फूट रुंद माणूस काचेवर पाऊण फूट जागा खातो, जवळून काय आणि लांबून काय.

बाजूला सरकण्याचा मात्र उपयोग होतो. तुमच्यापासून काचेकडे काटकोनात सरळ रेषा काढा. ती रेषा काचेवर टेकली तर तुम्ही फोटोत दिसणार. ती काचेच्या कडेबाहेर, भिंतीवर किंवा शटरच्या खांबावर टेकली तर तुम्ही दिसणारच नाही. म्हणजे काचेची कड ओलांडून दीड-दोन फूट बाजूला उभे राहा आणि मोबाईल तिरका धरून फोटो घ्या. फोटोग्राफर गायब! खर्च शून्य.

यात दोन अडचणी येतात. एक, दुकान तिरकं दिसतं. थोडा तिरकेपणा 'स्नॅपसीड'मधल्या `Perspective` ने सरळ होतो. फार ताणलंत तर पाकिटं एका बाजूला फुगलेली दिसतील, तेव्हा बेताने. दुसरी अडचण, तुम्ही गेलात तरी रस्त्याची दुसरी बाजू काचेत येते. म्हणून आधी मोबाईल धरून एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे असं करत बघा. समोरचा उजळ बोर्ड काचेतून सरकून खांबावर गेला की तीच तुमची जागा.

तिरकं उभं राहिलात तर आणखी एक साधन कामाला येतं, ते म्हणजे पोलरायझर फिल्टर. काचेवरून तिरका परतणारा उजेड ठराविक दिशेतच कंप पावतो आणि हा फिल्टर फिरवून तो अडवता येतो. याची गंमत अशी की हा शोध खिडकीच्या काचेवरच लागला. 1808 साली पॅरिसमध्ये एतियेन-लुई मालुस एका स्फटिकातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारं मावळतीचं ऊन बघत होते. स्फटिक फिरवला तसं ते प्रतिबिंब कमी-जास्त होताना त्यांना दिसलं. पुढे 1815 मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी कोणत्या कोनात ते सगळ्यात जास्त अडतं याचा नियम दिला.

साध्या काचेसाठी तो नियम पावलांनी सांगता येतो. काचेपासून जितके दूर, त्याच्या दीडपट बाजूला. पाच फूट दूर असाल तर काचेच्या ज्या भागाचा फोटो हवा त्याच्यापासून साडेसात फूट बाजूला. तिथे फिल्टर हळूहळू फिरवा. एका ठिकाणी प्रतिबिंब विझल्यासारखं होईल. फिल्टर घ्यायच्या आधी खात्री करायची असेल तर कुणाचा तरी पोलराईज्ड गॉगल मोबाईलच्या लेन्ससमोर धरून फिरवून बघा.

पण याच्या मर्यादाही नीट ऐका. काचेसमोर सरळ उभे असाल तर पोलरायझर काहीच करत नाही, कितीही फिरवा. तो निम्म्याहून अधिक उजेड खातो, म्हणून संध्याकाळी हातात धरून काढलेला फोटो हलतो, स्टँड लागतोच. आणि काच टफन्ड असेल तर फिल्टरमधून तिच्यावर ठिपके किंवा पट्टे दिसू शकतात. तो काचेतला ताण आहे, घाण नाही. पुसून जात नाही. असं झालं तर फिल्टर काढून ठेवा आणि पुढची पद्धत वापरा.

तिसरं काम: एकाऐवजी चार फोटो

आता खरी हातखंड्याची पद्धत. दुकानाचा फोटो अगदी समोरून, सरळच हवा आहे. मागे रस्ता वाहतोय. अशा वेळी एका फोटोत सगळं साधण्याचा हट्ट सोडा.

आपण वर काय पाहिलं? प्रतिबिंब फोटोत उजेड वाढवतं. ते कधीच उजेड कमी करत नाही. मग एकाच जागेवरून चार फोटो काढले आणि प्रत्येक ठिपक्यासाठी चारांतला सगळ्यात काळा ठिपका निवडला तर? ज्या फोटोत त्या जागी प्रतिबिंब नव्हतं तोच ठिपका निवडला जाईल. पहिल्या फोटोत डावीकडे एसटी होती, दुसऱ्यात ती निघून गेली आणि उजवीकडे मोटारसायकल आली. दोन्ही गायब होतात, आणि त्यांच्या जागी आपण रंगवलेलं काही येत नाही, खरा मालच येतो. पाकिटावरचं अक्षरन् अक्षर शाबूत.

आपल्या उदाहरणातल्या दुकानाची काच सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच आहे असं धरू. वेळ डिसेंबरची संध्याकाळ, सहा वाजून पाच मिनिटं.

मोबाईल स्टँडवर काचेच्या मधोमध, साधारण चार फूट उंचीवर लावा. स्टँड हलणार नाही अशी जागा बघा, त्याच्या पायात पिशवीत दगड घालून टांगलात तरी चालेल. आता स्क्रीनवर मालावर बोट दाबून ठेवा. आयफोनवर `AE/AF LOCK` असं येतं, बऱ्याच अँड्रॉइडवर कुलपाचं चिन्ह येतं. हे कुलूप फार महत्त्वाचं. ते नसेल तर गाडीचा दिवा आला की मोबाईल आपोआप पूर्ण फोटो काळा करतो, आणि मग सगळ्यात काळा ठिपका निवडताना तो काळवंडलेला फोटोच सगळीकडे जिंकतो. नाईट मोड आणि एचडीआर बंद करा, कारण तेही प्रत्येक वेळी आपल्या मर्जीने उजेड बदलतात.

टायमर दहा सेकंदांवर लावा, बटण दाबा आणि सरळ बाजूला चालू लागा. काचेची कड ओलांडून उभे राहा. तुम्ही या फोटोत नाही. असे सहा-सात फोटो घ्या, मध्ये रस्त्यावरच्या गाड्या बदलू द्या. एखादी गाडी समोर उभीच असेल तर तिच्या मालकाला विनंती करा. कारण जी गोष्ट सगळ्या फोटोंत एकाच जागी आहे ती या पद्धतीने जात नाही.

तशी एक गोष्ट असतेच, समोरच्या दुकानाचा चमकता बोर्ड. तो हलत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे समोरच्या दुकानदाराला दोन मिनिटं बोर्ड बंद करायला सांगा. बाजारपेठेत एकमेकांसाठी एवढं होतंच. ते शक्य नसेल तर काळं कापड लागेल.

किती कापड? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. सहा फुटांची काच, तुम्ही मोबाईल लावलाय त्या रेषेत, बारा फूट रुंदीचा भाग दाखवते. नेहमी दुप्पट. मोबाईल पाच फुटांवर असो की पंधरा. तसंच पाच फूट उंचीसाठी दहा फूट. खालचा काही भाग तसाही डांबराचा असतो, तो काळाच. पण तरी बारा फुटी पडदा दोन बांबूंवर धरून भर बाजारात उभं राहणं काही सोपं काम नाही.

म्हणून एवढं मोठं कापड आणूच नका. सहा फुटांहून थोडं मोठं काळं जाड कापड घ्या, चमकणारं नको, सॅटिन तर नकोच. एका मदतनीसाला ते मोबाईलच्या डाव्या बाजूला, मोबाईलच्याच रेषेत धरायला सांगा. तो स्वतः कापडामागे लपलेला हवा. एक फोटो. मग तेच कापड उजव्या बाजूला. दुसरा फोटो. मग काठीवर उंच धरून डावीकडे वर, उजवीकडे वर. चार फोटोंत मिळून सगळी काच एकदा तरी काळ्या कापडासमोर येते. कापडाच्या जागा एकमेकांवर थोड्या चढू द्या, म्हणजे मध्ये फट राहणार नाही.

जोडणी: दहा मिनिटांचं काम

हे कॉम्प्युटरवर करा. `photopea.com` ही साईट ब्राउझरमध्ये फुकट चालते, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

पहिला फोटो उघडा. बाकीचे फोटो त्याच्यावर ओढून सोडा, प्रत्येक फोटो वेगळ्या लेयरवर येईल. आता वरच्या लेयरवर क्लिक करा. लेयरच्या यादीवर जिथे `Normal` लिहिलंय तिथे `Darken` निवडा. दुसऱ्या लेयरलाही तेच. सगळ्यात खालचा लेयर `Normal` राहू द्या. एकेका लेयरला `Darken` कराल तसतशी प्रतिबिंबं डोळ्यांसमोर विझत जातात. समाधान वाटलं की `File` मध्ये `Export as`, तिथे `JPG`.

गिंप वापरत असाल तर `File` मध्ये `Open as Layers` ने सगळे फोटो एकदम आणा. तिथे मोडचं नाव `Darken only` आहे. बाकी सगळं तेच.

आता बिघडलं कसं ओळखायचं? पाकिटांच्या कडांना दुहेरी काळी रेघ दिसत असेल तर फोटो एकमेकांवर नीट बसलेले नाहीत, स्टँड केसभर हलला आहे. तो लेयर काही क्षण `Difference` मोडवर टाका. बसला असेल तर सगळं काळं दिसतं, हलला असेल तर कडा उजळतात. बाणांच्या कळांनी लेयर एकेक ठिपका सरकवत कडा विझेपर्यंत न्या आणि मग पुन्हा `Darken` करा.

मालावर मंद काळसर पट्टा आला असेल तर ती कापडाची सावली आहे. शोकेसच्या पुढच्या रांगेतला माल बाहेरच्या उजेडानेही थोडा उजळतो आणि कापडाने तो अडवला. म्हणूनच हे काम भर दुपारी करू नका आणि कापड काचेजवळ नेऊ नका, मोबाईलच्या रेषेतच ठेवा.

आत फिरणारा पंखा किंवा चालणारा माणूस असेल तर तिथे काळं भूत दिसेल. पंखा बंद, माणसं बाहेर. आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ असेल तर ती फोटोपुरती काढून ठेवा, नाहीतर `Darken` तिचे सगळे दिवे विझवून टाकेल.

आतल्या दिव्यांची रेघ

आतापर्यंत बाहेरच्या गोष्टींचं बोललो. दुकानाच्या आतलं काचेचं काउंटर हा वेगळा प्रश्न. वरून फोटो घेतला की वरच्या काचेत छताची ट्यूब लांब पांढऱ्या रेघेसारखी दिसते. इथे घड्याळ उपयोगाचं नाही, कारण दिवा आपल्याच बाजूला आहे.

मोबाईल जागेवर ठेवा आणि दुकानातले दिवे एकेक करून बंद करायला सांगा. ज्या बटणासरशी रेघ गेली तोच दिवा दोषी. तो बंद ठेवा आणि काउंटरच्या आतली एलईडी पट्टी चालू ठेवा. नियम तोच राहतो: काचेच्या पलीकडे उजेड जास्त, आपल्या बाजूला कमी. सगळे दिवे एकाच बटणावर असतील तर दोन फोटो घेऊन `Darken` करायचा मोह होईल. पण ट्यूब आपली जागा सोडत नाही, तेव्हा दोन्ही फोटोंत रेघ तिथेच. त्यापेक्षा रेघ काचेतून निघून काउंटरच्या लाकडी कडेवर जाईपर्यंत मोबाईल वर-खाली करा, किंवा ट्यूब आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठा आडवा धरा.

ज्यांचा होमस्टे आहे त्यांच्यासाठी: खोलीच्या बंद खिडकीतून बाहेरच्या डोंगराचा फोटो घेताना खोलीतला दिवा काचेत येतो. दिवा बंद करा आणि मोबाईलची लेन्स काचेला अगदी टेकवा. लेन्स आणि काच यांत फटच नसेल तर खोलीचा उजेड शिरणार कुठून?

फोटो आधीच काढलाय, आता पुन्हा जाता येत नाही

गिऱ्हाईकाने जुनाच फोटो पाठवून "यातनं तेवढं माणूस काढा" असं सांगितलं, तर काम घेण्याआधी एक परीक्षा करा. फोटो मोठा करा आणि प्रतिबिंबाच्या खालचा माल वाचता येतो का बघा.

वाचता येत असेल, नुसतं धुकं चढल्यासारखं दिसत असेल, तर आतली माहिती जिवंत आहे. `photopea.com` मध्ये लॅसोने तेवढा भाग निवडा, `Select` मधल्या `Modify` मध्ये `Feather` घेऊन कड मऊ करा. मग `Layer` मधल्या `New Adjustment Layer` मध्ये `Levels` घ्या आणि डावीकडचा काळा त्रिकोण हळूहळू उजवीकडे सरकवा. वाढलेला उजेड आपण वजा करतोय. आकाशाच्या प्रतिबिंबामुळे तो भाग निळसर असेल तर तिथे निळ्या चॅनेलला थोडं जास्त सरकवा. शेजारच्या भागाशी रंग जुळला की थांबा.

वाचता येत नसेल, तिथे निव्वळ पांढरं असेल, तर आतली माहिती मेलेली आहे. तिथे जे काही दिसेल ते कुणीतरी कल्पनेने भरलेलं असेल. भिंत, परदा, फरशी असेल तर क्लोन स्टॅम्पने शेजारचा तुकडा आणून झाकायला हरकत नाही. पण पाकिटाचं लेबल, भावफलक, परवाना क्रमांक अशा ठिकाणी कल्पना चालत नाही. तिथे स्पष्ट सांगा, "फोटो पुन्हा काढावा लागेल." गुगलच्या व्यवसाय प्रोफाईलच्या नियमांतही फोटो वास्तव दाखवणारा असावा आणि त्यात मोठे बदल केलेले नसावेत असं म्हटलंय. रस्त्याचं प्रतिबिंब काढणं म्हणजे दुकान डोळ्यांना जसं दिसतं तसं दाखवणं. नसलेला माल भरणं ही वेगळी गोष्ट.

एक इशारा काचेच्या इमारतींबद्दल. कणकवली-कुडाळकडे अशी काचेची तोंडं असलेली शोरूम दिसतात, आणि तुम्ही या फोटोंचं काम घेऊ लागलात की ती मागणी येणारच. तिथली काच बऱ्याचदा रंगीत किंवा आरशाचा लेप दिलेली असते. आपला 8 टक्क्यांचा हिशेब तिला लागू नाही, ती त्याहून खूप जास्त उजेड परत फेकते. धातूच्या लेपावरून परतणाऱ्या उजेडापुढे पोलरायझरही हात टेकतो. दिवसा तिच्या आतलं दिसणं विसरा. मालकाला दोनच पर्याय सांगा: आत सगळे दिवे लावून संधिप्रकाशातला फोटो, किंवा दिवसाचा फोटो, ज्यात आकाश आणि ढग काचेत मुद्दाम छान दिसू द्यायचे. पूर्ण इमारतीच्या फोटोत आकाशाचं प्रतिबिंब शोभतं, फक्त तेवढ्यातला तुमचा शर्ट आणि पार्क केलेली गाडी काढायची. ते `Darken` ने होत नाही, कारण उभी गाडी हलत नाही आणि उजळ आकाशापुढे काळी वस्तूच जिंकते. टायमर लावून तुम्ही बाजूला व्हा आणि गाडी हलवायला सांगा.

काम घेताना काय ठरवायचं

गिऱ्हाईकाशी बोलताना फोटो किती हे नंतर ठरवा, वेळ आधी ठरवा. "संध्याकाळी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी येतो, तोवर काच पुसलेली हवी, माल मांडलेला हवा, सगळे दिवे चालू स्थितीत हवेत" हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या. एका संध्याकाळी एकच दुकान नीट होतं, फार तर लागूनची दोन. कारण उजेडाची ती वीस मिनिटं वाढवून मिळत नाहीत. जो "दुपारीच या हो" म्हणेल त्याला हाच हिशेब सांगा: दुपारी 800 विरुद्ध 270, संध्याकाळी 32 विरुद्ध 270. दुपारचा फोटो नंतर तासन् तास घासून जिथे पोचत नाही, तिथे संध्याकाळचा फोटो दहा मिनिटांच्या जोडणीत पोचतो. तुमचा दर त्या हिशेबावर बसवा.

तयार फोटो गुगलसाठी देताना `JPG` किंवा `PNG`, 5 एमबीच्या आत, रुंदी-उंची निदान 720 ठिपके एवढं बघा. आणि मूळचे चारही फोटो जपून ठेवा. उद्या दुकानदाराने विचारलं की हे खरंच आमच्याच काचेतून दिसतं का, तर ते चार फोटो समोर ठेवायचे.

आज संध्याकाळी एवढंच करा: तुमच्या दुकानाच्या नाहीतर शेजारच्या काचेसमोर स्टँड लावा, कुलूप घाला, टायमरवर तीन फोटो घ्या आणि `Darken` करून बघा. जी गोष्ट तरीही काचेत उरेल ती न हलणारी आहे. ती कोणती ते शोधा, आणि खाली कमेंटमध्ये कळवा.